विश्लेषण: व्हीआरएसचे सूत्रच ठरवते, कोण जाणार आणि कोण राहणार! बीएसएनएलच्या योजनेतून काय समजते?

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगम लिमिटेडमधून (बीएसएनएल) ७८,५६९ कर्मचारी निवृत्त झाले. कंपनीत तेव्हा सुमारे दीड लाख लोक काम करत होते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद झाले तेव्हा निम्मी कंपनी घरी गेलेली होती. मुंबई आणि दिल्लीत सेवा देणाऱ्या एमटीएनएलमधूनही त्याच योजनेत १४,३८७ जण बाहेर पडले.

देशातील ही सर्वात मोठ्या स्वेच्छानिवृत्ती योजनांपैकी एक. वय वाढलेले कर्मचारी, न पेलणारा पगाराचा बोजा आणि नव्या भरतीला जागा नाही, अशा स्थितीत अनेक सरकारी आणि खासगी कंपन्या आजही व्हीआरएसकडे वळतात. पण पात्रता कोणाला, पैसे किती आणि कोणाला जाऊ द्यायचे नाही, हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवले तर योजना फसते. ते एकमेकांत कसे अडकलेले असतात, हे बीएसएनएलचे गणित मांडून पाहू.

बीएसएनएलला व्हीआरएस का आणावी लागली?

बीएसएनएल १ ऑक्टोबर २००० रोजी स्थापन झाली. तोपर्यंत देशातील बहुतांश टेलिफोन सेवा केंद्राचा दूरसंचार विभाग चालवत होता. या विभागातील कर्मचारी नव्या कंपनीत सामावून घेतले गेले. त्यातील बहुतेकांची भरती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत झालेली होती. घरोघरी लँडलाइन पोहोचवायची, खांब उभारायचे, तांब्याच्या केबल टाकायच्या, एक्स्चेंज चालवायचे, यासाठी तेव्हा भरपूर माणसे लागत.

पुढे मोबाइल आला, लँडलाइन घटली, पण माणसे तीच राहिली. २०१९ मध्ये परिस्थिती अशी होती की बीएसएनएलच्या उत्पन्नातील सुमारे ७५ टक्के रक्कम पगारावर जात होती. एमटीएनएलमध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास होते. खासगी मोबाइल कंपन्यांमध्ये ते एक आकडी होते. कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक लाख जण पन्नाशी ओलांडलेले होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ रोजी दोन्ही कंपन्यांच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा मंजूर केला. त्यात व्हीआरएसच्या सानुग्रह रकमेसाठी १७,१६९ कोटी रुपये ठेवले गेले. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचा खर्चही सरकारने उचलला. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या महिनाभरात अर्ज घेतले गेले. पात्र कर्मचाऱ्यांपैकी साधारण दर चारांमागे तिघांनी अर्ज केला.

या प्रतिसादाचे श्रेय फक्त योजनेला देता येणार नाही. २०१९ मध्ये बीएसएनएलचे पगार वारंवार रखडले होते. ‘राहिलो तर पगार वेळेवर मिळेल का’ ही शंका मनात असताना माणूस समोरची रक्कम वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून एखाद्या व्हीआरएसला किती अर्ज आले, एवढ्यावरून तिची आखणी चांगली होती असे म्हणता येत नाही.

पात्रतेची अट कशी ठरते?

बीएसएनएलची अट साधी होती: कायम कर्मचारी आणि वय ५० किंवा अधिक. पद, विभाग किंवा गाव यांचा त्यात विचार नव्हता. ही वयाची रेषा ओढण्यामागे एक कारण होते. पन्नाशी ओलांडलेले बहुतेक जण दूरसंचार विभागातून आलेले होते आणि त्यांना सरकारी पेन्शन लागू होती. नोकरी सोडली तरी दरमहा काही तरी येत राहणार, हा या योजनेचा पाया होता. २००० नंतर थेट कंपनीत लागलेल्या तरुणांना ही पेन्शन नाही. ते वयामुळे आपोआप बाहेर राहिले.

म्हणजे पात्रतेची रेषा आणि पेन्शनचा नियम जुळलेले होते. ते जुळले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण बँकांमध्ये आहे. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांनी व्हीआरएस आणली. १५ वर्षे सेवा किंवा ४० वर्षे वय झालेला कर्मचारी अर्ज करू शकत होता. सुमारे एक लाख जण बाहेर पडले. पण स्टेट बँकेच्या पेन्शन नियमात सेवेची अट १५ वर्षांपेक्षा जास्त होती. १५ वर्षे पूर्ण करून व्हीआरएस घेतलेल्यांना पेन्शन नाकारली गेली आणि वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने अशा कर्मचाऱ्यांना सेवेच्या प्रमाणात पेन्शन द्यावी असा निकाल दिला, तो मार्च २०२० मध्ये. योजनेत आणि पेन्शन नियमात असलेल्या तफावतीपायी तोपर्यंत जवळपास वीस वर्षे गेली होती.

त्यामुळे पात्रतेचा मसुदा लिहिताना पहिली तपासणी हीच असते: या रेषेच्या अगदी काठावर उभा असलेला माणूस घ्या आणि पेन्शन, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय सुविधा या प्रत्येक नियमात तो बसतो का, ते पाहा. एका जरी नियमात तो बसत नसेल तर तसे योजनेत आधीच, ठळकपणे लिहायला हवे.

३५ आणि २५ दिवसांचे सूत्र काय आहे?

बीएसएनएलमध्ये सानुग्रह रक्कम मोजण्यासाठी ‘गुजरात पद्धत’ वापरली गेली. पूर्ण झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा पगार, आणि निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे वगैरे त्यात धरले जात नाही.

एक काल्पनिक कर्मचारी घेऊ. वय ५४, सेवा ३० वर्षे, निवृत्तीला ६ वर्षे बाकी. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ६०,००० रुपये. महिना ३० दिवसांचा धरला तर एका दिवसाचा पगार २,००० रुपये.

• झालेली सेवा: ३० × ३५ = १,०५० दिवस
• उरलेली सेवा: ६ × २५ = १५० दिवस
• एकूण १,२०० दिवस, म्हणजे २४ लाख रुपये

आता हा माणूस नोकरीत राहिला असता तर? ७२ महिने × ६०,००० = ४३ लाख २० हजार रुपये. (पगारवाढ आणि वाढता महागाई भत्ता सोपेपणासाठी सोडून दिला आहे.) नुसते २४ लाख आणि ४३ लाख समोरासमोर ठेवले तर कोणी सही करणार नाही.

पण त्याला पेन्शन लगेच सुरू होते. ती पगाराच्या निम्मी, महिना ३०,००० धरू. सहा वर्षांत पेन्शनचे २१ लाख ६० हजार होतात. सानुग्रह रक्कम मिळवली की ४५ लाख ६० हजार. म्हणजे कामावर न जाता, कामावर राहून मिळणाऱ्या रकमेपेक्षा किंचित जास्त. इथे सही होते.

वय बदलले की गणित कसे बदलते?

योजनेचे मर्म इथे आहे. हाच पगार आणि २४व्या वर्षी लागलेली नोकरी धरून वेगवेगळ्या वयांना हे सूत्र लावून पाहू.

वय ५०: सेवा २६ वर्षे, बाकी १० वर्षे. सानुग्रह रक्कम २३ लाख २० हजार. दहा वर्षांची पेन्शन ३६ लाख. एकूण ५९ लाख २० हजार. पण नोकरीत राहिल्यास पगार ७२ लाख. म्हणजे हातात येतात पगाराच्या ८२ टक्के.

वय साडेत्रेपन्न: पूर्ण सेवा २९ वर्षे, बाकी साडेसहा वर्षे. पेन्शन आणि सानुग्रह रक्कम मिळून सुमारे ४७ लाख, आणि उरलेला पगारही सुमारे ४७ लाख. इथे दोन्ही पारडी समान होतात.

वय ५८: सेवा ३४ वर्षे, बाकी २ वर्षे. सूत्राने येतात २४ लाख ८० हजार, वर पेन्शन ७ लाख २० हजार. एकूण ३२ लाख. उरलेला पगार मात्र फक्त १४ लाख ४० हजार.

शेवटचा आकडा पुन्हा पाहा. जो माणूस दोन वर्षांनी तसाही जाणार आहे, त्याला पगाराच्या दुपटीहून जास्त रक्कम! सूत्र मोकळे सोडले तर सगळा पैसा अशांवर खर्च होईल, ज्यांच्या जाण्याने कंपनीचे फक्त दोन वर्षांचे पगार वाचतात. म्हणून प्रत्येक व्हीआरएसमध्ये कमाल मर्यादा असावी लागते. योजना जाहीर करताना तत्कालीन दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी साडेत्रेपन्न वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी १२५ टक्क्यांचा आकडा सांगितला होता, तोही पेन्शन धरून. आपल्या ५८ वर्षांच्या कर्मचाऱ्याला ही मर्यादा लावली तर एकूण १८ लाखांवर थांबावे लागते. त्यातून पेन्शनचे ७ लाख २० हजार वजा केले की सानुग्रह रक्कम उरते १० लाख ८० हजार. सूत्राने येणाऱ्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी.

आपल्या उदाहरणात ही मर्यादा ५५ आणि ५६ या वयांच्या दरम्यान लागू व्हायला सुरुवात होते. त्याआधी ३५-२५ चे सूत्र जसेच्या तसे चालते.

आता सगळे एका ओळीत ठेवू: पन्नाशीच्या माणसाला ८२ टक्के, साडेत्रेपन्नला १०० टक्के, ५८ व्या वर्षी १२५ टक्के. कोणालाही सक्ती न करता योजनेने सांगून टाकले की वय जास्त असलेल्याने जावे आणि पन्नाशीच्या आसपासच्याने थांबावे. कोण जाणार याचा कल असा सूत्रातच लिहिलेला असतो.

खासगी कंपनीने हेच सूत्र उचलले तर?

बहुतेक खासगी कंपन्यांत अशी पेन्शन नसते. मग आपल्या ५४ वर्षांच्या कर्मचाऱ्याच्या हातात फक्त २४ लाख येतात, म्हणजे उरलेल्या पगाराच्या ५६ टक्के. पन्नाशीच्या कर्मचाऱ्याला तर ३२ टक्केच. ‘सरकारी कंपनीचे सूत्र आहे, चांगलेच असणार’ असे समजून ते उचलणाऱ्या कंपनीकडे अर्ज येत नाहीत ते यामुळे.

बँकांनी २०००-०१ मध्ये सेवेच्या प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातील कमी असेल ती रक्कम दिली. आपल्या ५४ वर्षांच्या कर्मचाऱ्याला या पद्धतीने ३६ लाख मिळाले असते. ५८ वर्षांच्याला ६० दिवसांच्या हिशेबाने ४० लाख ८० हजार होतात, पण उरलेला पगारच १४ लाख ४० हजार असल्याने तेवढेच. इथे ‘यातील कमी ती’ हे शब्द कमाल मर्यादेचे काम करतात.

कंपनीच्या बाजूने हिशेब महिन्यांत मांडला जातो. ५४ वर्षांच्या माणसाला दिलेले २४ लाख म्हणजे त्याच्याच पगाराचे ४० महिने. ४१व्या महिन्यापासून कंपनीची बचत सुरू होते आणि ती ३२ महिने चालते. पन्नाशीच्या माणसाबाबत खर्च साधारण ३९ महिन्यांत वसूल होतो आणि पुढे ८१ महिने निव्वळ बचत. म्हणजे तिजोरीच्या दृष्टीने तरुण माणूस जाणे फायद्याचे, तर कामाच्या दृष्टीने त्याचे राहणे गरजेचे. ही ओढाताण सोडवल्याशिवाय सूत्र ठरवायला बसू नये.

मग कौशल्य कुठे निसटते?

वरच्या गणितात एक गोष्ट कुठेच आलेली नाही: तो माणूस काम काय करतो. ५६ वर्षांचा कारकून आणि ५६ वर्षांचा फायबर जोडणारा तंत्रज्ञ यांचा पगार सारखा असेल तर दोघांना सारखीच रक्कम. सूत्राला वय दिसते, हात दिसत नाही.

एका जिल्ह्याच्या ठिकाणचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तिथे ऑप्टिकल फायबर तुटली की ती जोडणारे, म्हणजे स्प्लायसिंग करणारे, १२ जण आहेत. त्यातले १० पन्नाशीपुढचे. रात्री-बेरात्री रस्ता खोदताना केबल तुटते, त्यामुळे पाळ्या धरून किमान ६ जण हवेतच. बीएसएनएलइतकाच प्रतिसाद मिळाला, म्हणजे चारांतून तिघे गेले, तर १० पैकी ७ किंवा ८ जातील. उरतील ४ किंवा ५. कंपनीच्या एकूण हिशेबात निम्मी माणसे शिल्लक दिसतील, पण या जिल्ह्यात केबल जोडायला रात्रपाळीला कोणी नसेल.

केबल जोडणे तरी नव्या माणसाला शिकवता येते. कोणत्या गल्लीत केबल कोणत्या बाजूने गेली आहे, नकाशात नसलेला जोड कुठे आहे, कोणत्या एक्स्चेंजची बॅटरी पावसाळ्यात दगा देते, हे वीस-पंचवीस वर्षे त्याच भागात फिरलेल्या माणसाच्या डोक्यात असते. ते कागदावर आलेच नसेल तर त्याच्याबरोबर जाते.

बीएसएनएलमध्ये सगळ्यांची निवृत्ती एकाच तारखेला होती. अर्जांची मुदत संपल्यापासून निवृत्तीपर्यंत दोन महिनेही नव्हते. त्यानंतर देखभालीची बरीच कामे ठेकेदारांकडे आणि फायबर जोडण्या स्थानिक भागीदारांकडे सोपवावी लागली. पगाराची बचत मात्र खरी होती. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार बीएसएनएलचा पगारखर्च सुमारे ५० टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला सुमारे ६०० कोटी रुपयांनी घटला. एमटीएनएलचा सुमारे ७५ टक्क्यांनी, महिन्याला १४० कोटींनी. पण या बचतीतून ठेकेदारांची बिले वजा केली की खरा आकडा कळतो. व्हीआरएसच्या यशाचे दावे तपासताना पगारखर्चाशेजारी बाह्य सेवांवरचा खर्च ठेवून पाहावा, तो यासाठी.

महत्त्वाची माणसे थांबवायची कशी?

पहिला मार्ग म्हणजे यादी. बँकांच्या योजनेत काही गट आधीच अपात्र ठरवले होते: सेवेचा बॉण्ड पूर्ण न केलेले विशेषज्ञ अधिकारी, खास व्यवस्थेखाली परदेशात नेमलेले कर्मचारी, शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असलेले. पदनामावरून अशी यादी करणे सोपे, पण अपुरे असते. ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’ या एकाच पदावर एक जण फायबर जोडतो आणि दुसरा भांडार सांभाळतो. म्हणून यादी कामावरून करायची. प्रत्येक कार्यालयात कोणती कामे आहेत, प्रत्येक काम आज किती जणांना येते, त्यातले पात्र वयाचे किती आणि किमान किती हवेत, असे चार रकाने. जिथे ‘येणारे वजा पात्र’ हा आकडा ‘किमान’पेक्षा खाली जातो, तिथे धोका. आपल्या उदाहरणात १२ वजा १० म्हणजे २, आणि हवेत ६. ही ओळ योजना उघडण्याआधीच लाल रंगात दिसायला हवी.

दुसरा मार्ग म्हणजे अर्ज नाकारण्याचा अधिकार. जवळपास प्रत्येक योजनेत तो व्यवस्थापनाकडे असतो, पण तो कसा वापरणार हे लिहिलेले नसते. मग ज्याचा अर्ज नाकारला त्याला वाटते, चांगले काम केले म्हणून शिक्षा झाली. शेजारचा २४ लाख घेऊन गेला आणि आपण तिथेच. असा नाराज माणूस राहूनही फारसा उपयोगाचा नसतो. त्यामुळे ‘अमुक कामात किमान सहा जण राहतील, त्यापेक्षा जास्त अर्ज आले तर वयाने मोठ्यांना आधी सोडू’ असा नियम आधी जाहीर केलेला बरा.

तिसरा आणि सर्वात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे तारखा विभागणे. अर्ज मंजूर, रक्कमही आजच्या हिशेबाने पक्की, पण धोक्याच्या यादीतील माणसाला सहा, बारा किंवा अठरा महिन्यांनी सोडायचे. तेवढ्या काळात त्याच्या हाताखाली दोन जण तयार करायचे. त्याचे नुकसान होत नाही, कारण दरम्यान पगार चालूच राहतो. कंपनीला पगार थोडा जास्त काळ द्यावा लागतो, पण ठेकेदाराच्या बिलापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो.

गेलेल्यांना परत बोलावता येते का?

‘लागलेच तर सल्लागार म्हणून बोलावू’ असे अनेक व्यवस्थापक गृहीत धरतात. इथे नियम आडवे येतात. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१०सी) नुसार व्हीआरएसच्या रकमेतील ५ लाख रुपयांपर्यंतचा भाग करमुक्त राहिला, तोही आयुष्यात एकदाच. त्यासाठीच्या नियमांत अट अशी की योजनेमुळे एकूण कर्मचारीसंख्या खरोखर कमी झाली पाहिजे, रिकामी झालेली जागा भरायची नाही आणि निवृत्त झालेल्याला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत घ्यायचे नाही. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत आणखी एक नियम आहे: व्हीआरएस घेऊन दुसऱ्या सरकारी कंपनीत लागल्यास मिळालेली रक्कम परत करावी लागते.

याचा अर्थ व्हीआरएस हा एकाच दिशेचा रस्ता आहे. चुकीचा माणूस गेला तर त्याच्या जागी भरती नाही आणि त्यालाही सहज परत आणता येत नाही. म्हणून कौशल्याचा विचार योजना उघडण्याआधीच करावा लागतो.

अर्ज केल्यावर मन बदलले तर?

बँकांच्या योजनेत हाही वाद झाला. अनेकांनी अर्ज केले, मग मागे घेतले, आणि बँकांनी ते मागे घेऊ दिले नाहीत. ‘बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी योजना म्हणजे कर्मचाऱ्यांना प्रस्ताव देण्याचे आमंत्रण असते. कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव. बँकेने तो स्वीकारेपर्यंत तो मागे घेता येतो. पण ज्यांनी योजनेचे पैसे घेतले, त्यांना नंतर माघार घेता येत नाही. आजच्या योजनांत अर्ज मागे घेण्याची अंतिम तारीख सहसा लिहिलेली असते. ती अर्ज भरण्याआधी वाचायची.

तुमच्या कंपनीत व्हीआरएस आली तर काय पाहाल?

तीन आकडे कागदावर काढा. पहिला, सूत्राने येणारी रक्कम, कमाल मर्यादा लावल्यानंतरची. दुसरा, निवृत्तीपर्यंत मिळणारा मूळ वेतन आणि महागाई भत्ता. तिसरा, नोकरी सोडल्यावर लगेच सुरू होणारी पेन्शन, असेल तर. पहिला आणि तिसरा मिळून दुसऱ्याच्या किती टक्के होतात, ते पाहा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर सोडल्यानंतर दुसरे काम मिळणार आहे का, यावर निर्णय अवलंबून राहील. रक्कम मोठी दिसली तरी ५ लाखांवरच्या भागावर कर बसणार, हे धरून चाला. आपल्या उदाहरणातील २४ लाखांपैकी १९ लाख करपात्र ठरले असते. रक्कम एकाच वेळी मिळणार की हप्त्यांत, वैद्यकीय सुविधा चालू राहणार की नाही आणि ग्रॅच्युइटी कधी हातात पडणार, हेही लेखी विचारा.

आणि तुम्ही योजना आखणाऱ्यांच्या बाजूला बसला असाल, तर सूत्र ठरवण्याआधी प्रत्येक कार्यालयाकडून तो चार रकान्यांचा तक्ता मागवा. तो भरून यायला महिना-दीड महिना लागेल. बीएसएनएलमध्ये अर्ज घेण्याची पूर्ण मुदतच ३० दिवसांची होती.